हाय पास + ओव्हरले की स्मार्ट शार्पन? फांद्यांच्या कडेला येणारी उजळ पट्टी

रानपाखरू

नमस्कार मंडळी, फोटोशॉपमधल्या शार्पनिंगवरचे जुने धागे चाळले पण माझ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर सापडलं नाही म्हणून नवीन धागा काढतेय.

वाळलेल्या झाडावर बसलेल्या घारीचे दोन फोटो आहेत, झाड तेच, लेन्स तीच. पहिला दुपारचा, ढगाळ आणि आकाश जवळजवळ पांढरं. दुसरा सूर्य मावळल्यानंतरचा, आकाश करडं-निळं आणि आयएसओ ३२००. दोन्हीवर मी नेहमीचीच पद्धत वापरली, म्हणजे लेयरची कॉपी, हाय पास २.५ पिक्सेल, ब्लेंड मोड ओव्हरले, ओपॅसिटी १००. दुपारच्या फोटोत सगळं छान आलं, फांद्या टोकदार दिसतायत आणि कुठे काही खटकत नाही. संध्याकाळच्या फोटोत मात्र प्रत्येक फांदीच्या बाजूने उजळ पट्टी आली, कुणीतरी पांढऱ्या पेन्सिलने कड काढल्यासारखी. मला वाटलं होतं उलट होईल, कारण दुपारच्या फोटोत काळी फांदी आणि पांढरं आकाश असा कॉन्ट्रास्ट कितीतरी जास्त आहे.

मग हाय पास काढून टाकला आणि स्मार्ट शार्पन वापरलं: अमाउंट १५०, रेडियस १.२, रिड्यूस नॉइज २५, रिमूव्हमध्ये लेन्स ब्लर. पट्टी बरीच बारीक झाली, पण आता घारीच्या छातीवरची पिसं गांडुळांसारखी वळवळीत दिसतात आणि मागच्या आउट ऑफ फोकस भागात डाग डाग आलेत. म्हणजे एक दुखणं गेलं आणि दुसरं आलं. हे असं का होतं ते समजून घ्यायचंय, नुसतं "इतकं ठेवा तितकं ठेवा" नकोय.

---

क्लिकवाला

रेडियस जास्त झालाय ताई, २.५ म्हणजे खूप. हाय पासला नेहमी १ च्या खाली राहायचं, कडा जेमतेम दिसायला लागल्या की थांबायचं. आणि स्मार्ट शार्पनच्या नादी लागू नका, ते नॉइजसुद्धा शार्प करतं, हाय पास करत नाही. हाय पासमध्ये सपाट भाग नुसता ग्रे राहतो आणि ओव्हरलेमध्ये ग्रे म्हणजे काहीच नाही, त्यामुळे फक्त कडाच शार्प होतात. मी सगळ्या फोटोंना हेच करतो.

---

रानपाखरू

रेडियस कमी केला की पट्टी बारीक होते हे खरंय, पण २.५ दोन्ही फोटोंना होता ना? दुपारच्या फोटोत पट्टी का नाही आली हाच तर माझा प्रश्न आहे.

---

अपर्चरआठ

प्रश्न चांगला आहे, आणि याचं उत्तर रेडियसमध्ये नाही तर ओव्हरलेमध्ये आहे. जरा सविस्तर लिहितो.

हाय पास काय करतो, तर मूळ फोटोतून त्याचाच ब्लर केलेला फोटो वजा करतो आणि जो फरक उरतो तो मधल्या ग्रेवर, म्हणजे १२८ वर ठेवतो. ब्लर आणि मूळ सारखेच असतील तिथे १२८, कडेच्या उजळ बाजूला १२८ च्या वर, गडद बाजूला खाली. इथपर्यंत हे जुन्या अनशार्प मास्कचंच गणित आहे, वेगळं काही नाही. वेगळेपणा येतो तो हा फरक फोटोत परत मिसळताना. ओव्हरले तो फरक सगळीकडे सारखा मिसळत नाही, खालचा पिक्सेल किती उजळ आहे ते बघून मिसळतो. खालचा पिक्सेल b आणि हाय पासचा १२८ पासूनचा फरक d धरला तर साधारण असं होतं:

```
b < 128 :  b + 2 × b × d / 255
b ≥ 128 :  b + 2 × (255 − b) × d / 255
```

म्हणजे पिक्सेल मधल्या टोनचा असेल तर d जवळजवळ पूर्ण लागतो, आणि पिक्सेल पांढऱ्याकडे किंवा काळ्याकडे सरकत गेला की परिणाम कमी कमी होत शून्यावर येतो.

आता तुमचे दोन फोटो घ्या. आकडे मी अंदाजाने धरतोय, तुम्ही एफ८ दाबून इन्फो पॅनेलमध्ये खरे बघा. फांदी दोन्हीकडे ४० धरू. दुपारचं आकाश २३५. कड एकदम स्वच्छ असेल तर तिच्या लगत d हा दोघांच्या फरकाच्या निम्मा, म्हणजे साधारण ९७ येतो. आकाशाच्या बाजूला २ × २० × ९७ / २५५, म्हणजे फक्त १५ ने वाढ. २३५ चं २५० झालं, पांढऱ्यावर पांढरं, डोळ्याला कळत नाही.

संध्याकाळचं आकाश १५० धरा. d इथे कमी आहे, ५५ च. पण २ × १०५ × ५५ / २५५ केलं की ४५ येतात. १५० चं १९५ झालं. करड्या आकाशात १९५ ची रेघ लगेच डोळ्यात भरते. कॉन्ट्रास्ट जवळजवळ निम्मा असूनही पट्टी तिप्पट, ती यामुळे.

खऱ्या फोटोत कड इतकी स्वच्छ नसते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे याहून कमी येतील, पण दोन फोटोंमधलं प्रमाण असंच राहतं. म्हणून काळं-पांढरं सिल्हूट असेल तर हाय पास ओव्हरले बिनधास्त वापरावा, आणि निळं आकाश, संध्याकाळ, धुकं, करडी भिंत असं काही मागे असेल तर हात आखडता घ्यावा. इथे ओळखायची खूण कडेचा कॉन्ट्रास्ट ही नाही, कडेमागची पार्श्वभूमी मधल्या टोनमध्ये आहे का ती बघायची.

क्लिकवाला, सपाट भाग ग्रे राहतो हे स्वच्छ, कमी आयएसओच्या फोटोत बऱ्यापैकी खरं आहे. ३२०० ला मात्र आकाश सपाट नसतंच, प्रत्येक दाणा म्हणजे एक छोटी कडच. हाय पासचा लेयर नॉर्मल मोडवर ठेवून शंभर टक्के झूमला आकाशाकडे बघा, ग्रेवर दाणे स्पष्ट दिसतील. आणि आकाश मधल्या टोनचं असेल तर ओव्हरले ते दाणे जवळजवळ पूर्ण ताकदीने वाढवतो. गडद सावल्यांमधला नॉइज मात्र फारसा वाढत नाही, ही ओव्हरलेची जमेची बाजू.

---

क्लिकवाला

सर, मी नेहमी आयएसओ १०० ते ४०० ला प्रॉडक्ट फोटो काढतो, त्यात मला दाणे कधी दिसले नाहीत. पण आज एक जुना फोटो उघडून बघतो. दुसरं म्हणजे हाय पास वेगळ्या लेयरवर असतो त्यामुळे कधीही मागे जाता येतं, ओपॅसिटी कमी करता येते, स्मार्ट शार्पन एकदा लावलं की लागलं. हा फायदा तरी मान्य कराल की नाही?

---

सुमेधा_क

क्लिकवाला, याच मुद्द्यावर मला लिहायचंय, कारण पोर्ट्रेटमध्ये हा वेगळा लेयरच नडतो.

क्रम असा असतो बघा. चेहऱ्याचा फोटो, हाय पासचा लेयर करून ओव्हरले ठेवला, छान दिसतंय. मग लक्षात येतं की गालावर एक पुटकुळी राहिलीय, म्हणून खालच्या लेयरवर जाऊन हीलिंग ब्रशने ती काढायची. खालून ती जाते, पण वरच्या हाय पासच्या लेयरमध्ये तिची कड अजून तशीच बसलेली असते, आणि ती आता स्वच्छ त्वचेवर उमटते. गालावर पुटकुळीच्या आकाराचं फिकट कडं दिसतं, मध्ये काहीच नाही. पन्नास टक्के झूमला ते जाणवत नाही, प्रिंट हातात आली की जाणवतं. सुटलेला केस काढलात तर केसाची रेघ अशीच उरते. वरचा लेयर खालच्याकडून आपोआप काही शिकत नाही, तो ज्या क्षणी बनवला त्या क्षणाचा असतो.

स्मार्ट शार्पन एकदा लावलं की लागलं, हेही सरसकट खरं नाही. आधी लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करा, मग हाय पास असो की स्मार्ट शार्पन, दोन्ही स्मार्ट फिल्टर म्हणून बसतात आणि आकडे कधीही बदलता येतात. हाय पासला फक्त एक जास्तीची पायरी आहे, फिल्टरच्या नावासमोर जे छोटं स्लायडरचं चिन्ह असतं त्यावर डबल क्लिक करून तिथेच ओव्हरले निवडायचं. अशा वेळी दुरुस्ती स्मार्ट ऑब्जेक्टच्या आत जाऊन केली की हाय पास नव्याने काढला जातो आणि कडं उरत नाही.

रंगाचंही सांगते. हाय पास तिन्ही चॅनेलवर वेगवेगळा चालतो, त्यामुळे त्या लेयरमध्ये थोडा थोडा रंग राहतो. लेन्समुळे कडेला आलेली जांभळी-हिरवी रेघ असेल तर ती आणखी भडक होते. साध्या लेयरवर Ctrl+Shift+U केलं की तो रंग जातो. पण एवढ्यानेही पूर्ण भागत नाही. लिपस्टिक लावलेले ओठ बघा, कडेच्या गडद बाजूला लाल रंग आणखी गडद आणि भडक होतो, उजळ बाजूला थोडा फिका पडतो. कारण ओव्हरले रेड, ग्रीन, ब्लू प्रत्येकाला वेगळं मोजतो आणि लाल ओठात रेड मधल्या टोनच्या वर असतो, बाकीचे दोन खाली. त्यामुळे मी मूळ लेयरची कॉपी आणि तिच्यावर हाय पास असे दोन्ही एका ग्रुपमध्ये टाकते आणि ग्रुपचा मोड ल्युमिनॉसिटी ठेवते. मग रंग हलत नाही, फक्त उजळपणा बदलतो. स्मार्ट शार्पनला हेच स्मार्ट फिल्टरच्या ब्लेंडिंगमध्ये ल्युमिनॉसिटी निवडून एका झटक्यात होतं.

---

जुनाअल्बम

माझा पण हाच प्रॉब्लेम आहे. घरातले जुने फोटो स्कॅन करतोय, मूळ फोटोच थोडे हललेले आहेत, काही आउट ऑफ फोकस आहेत. हाय पास लावला की चेहऱ्यापेक्षा कागदाची जाळीच जास्त उठून दिसते, त्या काळी तो खरबरीत कागद असायचा ना, तसा. स्मार्ट शार्पनमध्ये मोशन ब्लर आणि लेन्स ब्लर असे पर्याय बघितले, मग मोशन ब्लर निवडून हललेला फोटो स्थिर होईल का? अँगल किती ठेवायचा? मी वेगवेगळे ठेवून बघितले, काही फरक वाटला नाही, फक्त डोळे दोन-दोन दिसायला लागले.

---

अपर्चरआठ

जुनाअल्बम, तुमची अडचण थोडी वेगळी आहे, तरी लिहितो. मोशन ब्लरचा पर्याय असं धरून चालतो की सगळं चित्र एका सरळ रेषेत, एकाच दिशेला, सारख्याच अंतराने हललंय. हातातून हललेला कॅमेरा क्वचितच असा हलतो, तो वळतो, परत येतो. आणि माणूस हललेला असेल तर मागची भिंत स्थिर आणि फक्त चेहराच हललेला. डोळे दोन दिसायला लागले म्हणजे फिल्टरने धरलेली दिशा किंवा अंतर खऱ्याशी जुळत नाहीये. अँगल शोधायचाच असेल तर फोटोत डोळ्यातली चमक किंवा दागिन्यावरचा चमकणारा ठिपका बघा, तो ठिपका लांबट झालेला दिसेल, त्याची दिशा म्हणजे अँगल आणि लांबी म्हणजे रेडियस. ठिपका वाकडा किंवा हुकसारखा असेल तर हा पर्याय सोडून द्या. जो तपशील निगेटिव्हवरच उतरला नाही तो शार्पनिंगने येत नाही, मग पद्धत कुठलीही असू दे.

कागदाच्या जाळीसाठी शार्पनिंगच्या आधी काम करावं लागतं. जास्त रेझोल्यूशनला स्कॅन करा, जाळी कमी करा, मग हव्या त्या साइजला आणा आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी. चेहऱ्याची त्वचा बहुतेक मधल्या टोनची असते आणि ओव्हरलेचा जोर नेमका तिथेच, म्हणून जाळी चेहऱ्यावर सगळ्यात जास्त दिसते.

रानपाखरू, आता तुमच्या गांडुळांकडे येतो.

स्मार्ट शार्पनमध्ये रिमूव्हला गॉशियन ब्लर ठेवलं तर ते अनशार्प मास्कसारखं वागतं, आणि ओव्हरलेमध्ये टोनचं जे संरक्षण आपसूक मिळतं ते तिथे नसतं. तुमच्याच संध्याकाळच्या फोटोत १०० टक्के अमाउंटला आकाश १५० चं २०५ होईल आणि फांदी ४० वरून थेट शून्यावर जाईल. त्यासाठी खाली शॅडो आणि हायलाइट असे दोन भाग दिलेत, त्यातल्या फेड अमाउंटने टोकाच्या टोनमध्ये परिणाम कमी करता येतो. म्हणजे ओव्हरले जे न विचारता करतो ते इथे हाताने करायचं. पण गंमत अशी की तुमचं आकाश ना शॅडोमध्ये ना हायलाइटमध्ये, त्यामुळे तिथे फेडचाही फारसा उपयोग नाही.

लेन्स ब्लर निवडलं की वागणं बदलतं. पट्टी बारीक राहते आणि बारीक तपशील जास्त उठतो, म्हणूनच तुम्हाला कड बरी वाटली. पण त्याला तपशील आणि दाणा यातला फरक कळेलच असं नाही. आयएसओ ३२०० ला पिसाची बारीक रेघ आणि नॉइजचा दाणा साधारण एकाच मापाचे असतात. तो दाण्यांनाही तपशील समजून धारदार करतो, शेजारचे दाणे एकमेकांना जोडले जातात आणि वळवळीत रेघा तयार होतात. त्यावर रिड्यूस नॉइज २५ ठेवलं की सगळ्यात बारीक दाणे पुसले जातात आणि मधल्या मापाचे गठ्ठे उरतात, ते म्हणजे मागचे डाग. अजून वर नेलंत तर पिसं मेणाची वाटायला लागतील.

याला बहुतेक वेळा आणखी एक कारण असतं, फोटो आधीच शार्प झालेला असतो. रॉ कन्व्हर्टरमध्ये तुम्ही काही बदललं नसेल तर तिथे आपोआप शार्पनिंग लागतं, बऱ्याच व्हर्जनमध्ये अमाउंट ४० आणि रेडियस १. त्यावर परत लेन्स ब्लर म्हणजे दाण्याला दोनदा धार. तुमच्या फोटोला रॉमध्ये काय होतं?

---

रानपाखरू

रॉमध्ये मी हात लावला नव्हता, म्हणजे ते ४० तसंच असणार. आणि इन्फो पॅनेल लावून बघितलं, संध्याकाळचं आकाश १४८ ते १५३ च्या मध्ये आहे आणि फांदीच्या कडेला १८० ते १९० दिसतंय, तुमच्या अंदाजाच्या जवळच. दुपारचं आकाश तर २३८ आहे. आता कळलं.

मग संध्याकाळच्या फोटोला नेमकं काय करावं? फांद्या पण हव्यात आणि पिसं पण.

---

अपर्चरआठ

दोन्ही कामं एकाच फिल्टरकडून करून घेऊ नका. मी असा फोटो असा करेन.

आधी रॉमध्ये परत जायचं, शार्पनिंग १५-२० वर आणायचं आणि नॉइज तिथेच कमी करायचा, नंतर नाही. मग फोटो उघडून स्मार्ट ऑब्जेक्ट करायचा. घारीसाठी स्मार्ट शार्पन, लेन्स ब्लर, रेडियस ०.८, अमाउंट ८०-९०, रिड्यूस नॉइज ५ च्या आसपास. फिल्टरचा मास्क काळा करून फक्त डोळा, चोच आणि छाती-पंखांवर पांढऱ्या ब्रशने उघडायचा. मागचा आउट ऑफ फोकस भाग मास्कमध्ये आलाच नाही की डागांचा प्रश्नच येत नाही. जिथे फोकस नाही तिथे शार्पनिंगचं काहीच काम नसतं.

फांद्यांसाठी वर हाय पासचा वेगळा लेयर, रेडियस १, रंग काढलेला, ओव्हरले. आता पट्टीचा इलाज. पट्टी म्हणजे कडेच्या उजळ बाजूची वाढ, आणि हाय पासच्या लेयरमध्ये ती १२८ च्या वरच्या टोनमध्ये बसलेली असते. त्या लेयरवर एक कर्व्ह्ज क्लिप करा, म्हणजे दोन लेयरच्या मध्ये ऑल्ट धरून क्लिक. कर्व्हवर मध्यभागी एक पॉइंट टाका, इनपुट १२८ आउटपुट १२८, आणि वरचं टोक २५५ वरून १९० ला खाली ओढा. मधला पॉइंट हलला तर सगळा फोटो उजळ किंवा गडद होईल, म्हणून तो आकडा टाईप करूनच घाला. आता गडद बाजू जवळजवळ तशीच राहते आणि उजळ बाजू साधारण निम्म्यावर येते. आधीच्याच हिशोबात ५५ चे २७ झाले, आकाश १९५ ऐवजी १७२ वर थांबतं. फांदी टोकदार वाटते ती मुख्यतः गडद बाजूमुळे, त्यामुळे धार फारशी कमी वाटत नाही.

लेव्हल्सने आउटपुट पांढरा खाली ओढून हे करू नका, त्यात १२८ पण खाली सरकतो आणि सगळा फोटो काळवंडतो.

---

टक्सप्रेमी

मी गिंप वापरतो, तिथे स्मार्ट शार्पन नाही. २.१० पासून एन्हान्समध्ये हाय पास आहे. मी ओव्हरलेऐवजी ग्रेन मर्ज मोड वापरतो, त्यात शार्पनिंग जास्त कडक येतं असं वाटतं, ते बरोबर आहे का? आणि तुमची कर्व्ह्जची युक्ती त्यात चालेल का?

---

अपर्चरआठ

चालेल. ग्रेन मर्ज फरक जसाच्या तसा मिसळतो, म्हणून कडक वाटतं, ते साध्या अनशार्प मास्कसारखंच झालं. पण मग पांढऱ्या-काळ्या टोकाचं संरक्षण गेलं. दुपारच्या फोटोत आकाश थेट २५५ ला आपटेल. क्लिपिंगची सोय नसेल तर कर्व्ह्ज सरळ हाय पासच्या लेयरवरच लावा, फक्त आधी कॉपी ठेवा.

---

सुमेधा_क

कर्व्ह्जबद्दल एक भर. आकाश एकसारखं असेल तर मी कर्व्हच्या भानगडीत न पडता आकाशाचं सिलेक्शन करून हाय पासच्या लेयरवर तेवढाच भाग मास्क करते, पट्टी आकाशाच्या बाजूलाच असते त्यामुळे ती पूर्ण जाते. अट एवढीच की मास्क फांदीला अगदी चिकटून हवा. मऊ ब्रशने ढोबळ मास्क केला तर फांदीला लागून दोन-तीन पिक्सेलची पट्टी उरतेच, आणि पट्टी नेमकी तेवढ्याच जागेत असते. बारीक काटक्यांचं झाड असेल तर मात्र अपर्चरआठ म्हणतात तेच बरं, इतकं बारीक सिलेक्शन नीट जमत नाही.

---

क्लिकवाला

आयएसओ १६०० चा एक फोटो उघडून बघितला, हाय पास नॉर्मलवर ठेवला तर ग्रेवर दाणे दिसतात हे खरंय. पण मला अजूनही पिसांना हाय पासच आवडतो. स्मार्ट शार्पनचं पीस मला कोरून काढल्यासारखं वाटतं, हाय पासचं मऊ राहतं. प्रिंटला तर नक्कीच.

---

रानपाखरू

सगळ्यांचे आभार. रॉमध्ये शार्पनिंग १५ केलं, नॉइज तिथेच कमी केला, घारीवर स्मार्ट शार्पन ०.८ आणि ८५, फांद्यांना हाय पास १ आणि कर्व्ह १९०. फांद्यांची पट्टी आता शंभर टक्के झूमलासुद्धा शोधावी लागते, इन्फोमध्ये १६५ च्या आसपास येतेय. छातीवरची गांडुळं गेली. डोळ्याभोवती अजून थोडं कोरल्यासारखं वाटतंय, क्लिकवाला म्हणतात तसंच, तिथे अमाउंट ६० केलं तर बरं दिसतं पण डोळा जरा मऊ पडतो.

सुमेधाताईंचं ते कडं मलाही सापडलं! दुपारच्या फोटोत सेन्सरवरच्या धुळीचा डाग मी हाय पासनंतर काढला होता, आणि आकाशात फिकट गोल तसाच राहिलेला, आता झूम करून बघितल्यावर दिसला.

आता हा फोटो १२ × १८ इंच प्रिंट करायचा आहे. स्क्रीनवर इतकं बारीक बघून केलेलं शार्पनिंग कागदावर कमी पडेल ना?

---

अपर्चरआठ

पडेल, कागद थोडी धार खातोच, मॅट कागद जास्त. आता जे केलंत ते मूळ फाइलमध्ये तसंच ठेवा. प्रिंटच्या साइजला आणलेली वेगळी कॉपी करा आणि प्रिंटपुरतं शार्पनिंग फक्त तिच्यावर करा. तिथे मी हाय पासच वापरतो, त्या साइजला १.५ ते २ पिक्सेल, कर्व्ह लावूनच. आणि डोळ्याभोवतीचं जे कोरल्यासारखं वाटतंय ते कागदावर बहुतेक विरून जाईल, म्हणून ते ठरवायच्या आधी फक्त डोक्याच्या भागाची छोटी टेस्ट प्रिंट त्याच कागदावर काढून बघा, एक ६० ची आणि एक ८५ ची.

---

सुमेधा_क

प्रिंटच्या कॉपीला मी उलट करते, स्मार्ट शार्पन, गॉशियन, रेडियस १.५, आणि हायलाइटचा फेड बराच वर. हाय पासने मॅटवर मधले टोन जरा खरबरीत होतात असा माझा अनुभव आहे. रानपाखरू, टेस्ट प्रिंट काढणारच असाल तर आकाशाचा एक तुकडा पण त्यात घ्या आणि दोन्ही पद्धतींनी काढा, दाणे कशात जास्त दिसतात ते इथे नक्की कळवा.

---

रानपाखरू

चालेल, डोकं आणि आकाश दोन्ही घेते, चार तुकडे एकाच कागदावर. कागद मॅटच आहे. आले की फोटो टाकते इथे.